वॉर्डाचा वर्षाचा खर्च कसा काढावा: धर्मादाय रुग्णालयात हिशोब नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

धर्मादाय रुग्णालयाच्या अकाउंट्समध्ये नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न येतो: "आपल्या जनरल वॉर्डात एका पेशंटचा एक दिवस आपल्याला कितीला पडतो?" विश्वस्त तो विचारतात, कारण त्यांना दर ठरवायचे असतात. डॉक्टर विचारतात, कारण त्यांना नवा मॉनिटर हवा असतो. आणि सवलतीच्या खाटांवर रुग्णालय नेमके किती सोसते, हे त्या आकड्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र उत्तर म्हणून दरपत्रकच पुढे केले जाते. दर आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्च काढायचा कसा, ते इथे एका उदाहरणावरून पाहू.

तालुक्याच्या गावातले एक विश्वस्त संस्थेचे रुग्णालय आणि त्यातला २० खाटांचा मेडिसिनचा जनरल वॉर्ड समोर ठेवा. पुढचे रुपयांचे आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या वॉर्डाचे आकडे तुमच्या रजिस्टरमधूनच घ्यायचे.

आधी खाट-दिवस मोजा

खर्चाला हात लावण्याआधी भाजक पक्का करा. २० खाटा गुणिले ३६५ म्हणजे ७,३०० खाट-दिवस ही झाली वॉर्डाची क्षमता. भागायचे असते ते भरलेल्या खाट-दिवसांनी. ते मध्यरात्रीच्या सेन्ससवरून मिळतात. रोज रात्री बाराला नाइटची सिस्टर किती पेशंट आहेत ते लिहिते, त्या आकड्यांची वर्षाची बेरीज घ्यायची. दाखल झालेला दिवस धरायचा आणि डिस्चार्जचा सोडायचा, हा नियम आपोआप पाळला जातो. सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेलेले पेशंट या सेन्ससमध्ये येत नाहीत. त्यांची नोंद वेगळी ठेवा.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून हा आकडा काढू नका. बिलात डिस्चार्जचा दिवसही अनेकदा लावलेला असतो, त्यामुळे खाट-दिवस फुगतात आणि दिवसाचा खर्च खोटा कमी दिसतो. दोन्ही आकडे शेजारी मांडा. फरक साधारण डिस्चार्जच्या संख्येइतका असेल तर कारण हेच.

आपल्या उदाहरणात वॉर्ड सरासरी ६५ टक्के भरलेला होता, म्हणजे ४,७४५ खाट-दिवस.

माणसांचा खर्च

वॉर्डाचा सर्वांत मोठा खर्च हाच असतो, आणि बजेट चुकते तेही इथेच. "प्रत्येक पाळीत दोन सिस्टर, म्हणजे सहा सिस्टर" असे गणित सर्रास मांडले जाते. ते असे तपासा. एक जागा चोवीस तास भरायची तर वर्षाला ३६५ गुणिले ३, म्हणजे १,०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्ट्या, सण, रजा आणि आजारपण वजा जाता एक सिस्टर वर्षात सुमारे २८० दिवस कामावर असते. १,०९५ भागिले २८० म्हणजे ३.९. थोडक्यात, एका जागेसाठी चार माणसे लागतात. प्रत्येक पाळीत दोन सिस्टर हव्या असतील तर आठ. सहाच नेमल्या तर उरलेल्या पाळ्या डबल ड्यूटीने भरल्या जातात, आणि तो खर्च ओव्हरटाइम किंवा 'इतर' या नावाखाली कुठेतरी लपतो.

पगार धरताना हातात पडणारी रक्कम धरू नका. संस्थेचा भविष्य निर्वाह निधीचा आणि ईएसआयचा वाटा, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद हे सगळे मिळवून जे होते ते धरा. आठ सिस्टर महिना २२,००० रुपयांप्रमाणे २१,१२,०००. मामा-मावशींची चोवीस तासांची एक जागा, म्हणजे चार माणसे, १४,००० रुपयांप्रमाणे ६,७२,०००. निवासी डॉक्टर पूर्ण रुग्णालयाचे असतात. तीन डॉक्टरांचा वर्षाचा खर्च १६,२०,००० आणि त्यांचा निम्मा वेळ या वॉर्डात जातो असे धरले, तर वॉर्डाचा वाटा ८,१०,०००. हा निम्मा वेळ अंदाजाने ठरवू नका. एखादा आठवडा ड्यूटी रजिस्टर आणि राउंडच्या नोंदी पाहिल्या की वाटा कळतो. कन्सल्टंटची फी पेशंटच्या बिलातून थेट त्यांना जाते, म्हणून ती इथे येत नाही.

माणसांचा एकूण खर्च ३५,९४,०००.

वापराचे साहित्य

इथे आधी दोन ढीग करा. पेशंटच्या नावावर बिल होणारे साहित्य एकीकडे: सलाइन, इंजेक्शने, कॅन्युला. ज्याचे बिल कोणाच्याच नावावर होत नाही ते दुसरीकडे: तपासणीचे हातमोजे, कापूस, स्पिरिट, हायपोक्लोराइट, मायक्रोपोर, कचऱ्याच्या पिशव्या, इमर्जन्सी ट्रेमधली औषधे. वॉर्डाच्या खर्चात दुसरा ढीग पूर्ण येतो. पहिल्या ढिगातला जो भाग वापरला गेला पण बिलात चढला नाही, तोही येतो.

वर्षभराची खरेदी म्हणजे वर्षभराचा खर्च नव्हे. १ एप्रिलला वॉर्डात आणि स्टोअरमध्ये होता तो साठा, अधिक खरेदी, वजा ३१ मार्चचा साठा. ८६,००० अधिक ७,१०,००० वजा ६४,००० म्हणजे ७,३२,०००. यासाठी ३१ मार्चला सिस्टर इन्चार्जबरोबर बसून वॉर्डातली कपाटेसुद्धा मोजावी लागतात. केवळ स्टोअरचा साठा मोजला, तर मार्चअखेरीस इंडेंट करून कपाटात भरून ठेवलेला माल त्याच वर्षाचा खर्च ठरतो आणि पुढचे वर्ष स्वस्त दिसते.

किंमत कोणती धरायची, हा यातला नाजूक भाग. एमआरपी कधीच धरू नका. रुग्णसेवा जीएसटीतून मुक्त असल्याने खरेदीवर भरलेला जीएसटी रुग्णालयाला परत मिळत नाही. त्यामुळे तो किमतीतच मिळवायचा. उलट बाजूने, डिस्ट्रिब्युटरची स्कीम वजा करायची. समजा हातमोज्यांचा बॉक्स २५० रुपयांना आहे, दहावर एक फुकट आहे आणि जीएसटी ५ टक्के. दहा बॉक्सचे २,५०० अधिक १२५, म्हणजे २,६२५ रुपयांत अकरा बॉक्स आले. बॉक्स पडला सुमारे २३९ रुपयांना. स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटचा माल शून्य दराने वेगळा चढवला असेल, तर हाच बॉक्स २६२ रुपये ५० पैशांचा दिसतो. पुढे सवलतीच्या पेशंटचे बिल करताना हा फरक आडवा येतो.

आता गळती कुठे आहे ते कॅन्युलावर पाहा. सिस्टर तिला इंट्राकॅथ म्हणतात. स्टोअरमधून वर्षात २,९०० गेल्या, बिलांवर चढल्या २,३५०. साडेपाचशेंचा फरक, म्हणजे १९ टक्के. यात शीर न मिळाल्याने वाया गेलेल्या कॅन्युला असतातच आणि त्या पेशंटच्या माथी मारणे बरोबर नाही. पण हा फरक महिन्यानुसार मांडा. तो बारा महिने सारखा असेल तर बहुतेक खरा वापर आहे. एखाद्या महिन्यात एकदम फुगला, तर त्या महिन्यात गर्दीमुळे बिलात नोंद राहिली, किंवा नवी बॅच खराब निघाली, किंवा माल दुसऱ्या वॉर्डाला उसना गेला. सिस्टरना दोष देण्याआधी ही तीन कारणे त्यांच्याशीच बोलून तपासा. उत्तर बहुतेक वेळा त्यांना ठाऊक असते, त्यांना कोणी विचारलेले नसते.

ऑक्सिजनचा वापर हिशोबाने पडताळता येतो. मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ३ लिटरने तो साधारण ३९ तास चालतो. वर्षात २८५ खाट-दिवस ऑक्सिजनवर गेले, सरासरी प्रवाह ३ लिटर, तर १२,३१,२०० लिटर लागले. म्हणजे १७६ सिलिंडर. तळाचा वायू उरलेला असतानाच सिलिंडर बदलला जातो, म्हणून १९० धरा. ३५० रुपये रिफिलप्रमाणे ६६,५०० रुपये. तुमची रिफिलची बिले २८० सिलिंडरची असतील, तर पेशंट गेल्यावर फ्लोमीटर चालू राहतो आहे, जोडणीत गळती आहे, किंवा केसपेपरवर ऑक्सिजनचे तास नीट लिहिले जात नाहीत. साबणाचे पाणी लावून जोडण्या पाहणे ही पहिली पायरी.

साहित्य आणि ऑक्सिजन मिळून ७,९८,५००.

यंत्रे: घसारा वेगळा, देखभाल वेगळी

वॉर्डातल्या प्रत्येक यंत्राची एक ओळ असलेली यादी करा: नाव, सिरीयल नंबर, घेतल्याची तारीख, आज तेच घ्यायचे तर किंमत, वॉरंटी कधी संपते, करार कोणता. देणगीत मिळालेली यंत्रेही यात घ्या. देणगीदाराने दिलेला डिफिब्रिलेटर खरेदीच्या खात्यात शून्य असतो, पण त्याची बॅटरी आपणच बदलतो, आणि सात वर्षांनी तो बंद पडेल तेव्हा दुसरा देणगीदार उभा असेलच असे नाही.

आपल्या वॉर्डात मॉनिटर, डिफिब्रिलेटर, ईसीजी, इन्फ्युजन पंप, सक्शन मिळून आजच्या किमतीने ९,००,००० रुपयांची यंत्रे आहेत. आयुष्य सात वर्षे धरले तर वर्षाला सुमारे १,२८,६००. खाटा, लॉकर, ट्रॉल्या ५,००,००० च्या, दहा वर्षांनी भागून ५०,०००. प्राप्तिकरासाठी काढलेला घसारा इथे उचलू नका, त्याचा हेतू वेगळा असतो. आणि हे १,७८,६०० रुपये कागदावर ठेवून उपयोग नाही. तेवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या ठेवीत गेली पाहिजे, नाहीतर यंत्र बदलायच्या वेळी पुन्हा देणगीची वाट पाहावी लागते.

देखभालीच्या करारात एएमसी आणि सीएमसी हा फरक कोटेशन वाचतानाच पाहा. एएमसीत इंजिनिअरची भेट आणि मजुरी येते, सुटे भाग नाहीत. सीएमसीत सुटे भागही येतात, पण बारीक अक्षरांतली वगळलेल्या वस्तूंची यादी वाचलीच पाहिजे. बॅटरी, ऑक्सिजन मोजायचे बोटाचे प्रोब, बीपीचे कफ, ईसीजीच्या लीड्स हे बहुतेक वेळा त्या यादीत असतात. आणि वॉर्डात खराब होते ते मुख्यतः हेच. प्रोबची वायर खाटेच्या कठड्यात अडकून तुटते आणि चांगला मॉनिटर नुसता भिंतीवर टांगलेला राहतो.

आपली सगळी यंत्रे वॉरंटीबाहेर आहेत असे धरू. सीएमसीचे कोटेशन किमतीच्या ६ टक्के, ५४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ६३,७२०. प्रोब, कफ, बॅटऱ्या आणि करारात नसलेल्या नेब्युलायझर, सक्शन, खाटांच्या किरकोळ दुरुस्त्या ६२,०००. कॅलिब्रेशन १४,०००. देखभाल झाली सुमारे १,३९,७००. घसाऱ्यासह यंत्रांचा खर्च ३,१८,३००.

यंत्रे नवी असतील तर पहिली दोन-तीन वर्षे देखभाल जवळजवळ शून्य दिसेल आणि मग एकदम उडी मारेल. म्हणून वॉरंटी संपण्याच्या तारखा एका कॅलेंडरवर लिहा, आणि करार वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यातच करा. मध्ये खंड पडला तर करारापूर्वी तपासणी आणि दुरुस्तीचा खर्च आपल्यावर येतो. डिफिब्रिलेटरची चाचणी रोज होते की नाही हे त्याच्या रजिस्टरमध्ये पाहा. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर बॅटरीची खरी अवस्था कोणालाच माहीत नाही असे समजा.

सामायिक खर्च

इथे फार रेंगाळायचे कारण नाही, वाटणीचा आधार शहाणपणाने निवडला की झाले. लॉन्ड्री चादरींच्या संख्येवर: खाट-दिवसाला ३५ रुपये धरून सुमारे १,६६,१००. जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क अनेक ठिकाणी नोंदलेल्या खाटांवर लागते, भरलेल्या नव्हे. २० खाटा, ३६५ दिवस, ९ रुपये म्हणजे ६५,७००. वीज आणि जनरेटरचे डिझेल क्षेत्रफळावर, किंवा सबमीटर असेल तर त्यावर: ३,४०,०००. ऑफिस, सुरक्षा, इमारतीची दुरुस्ती, अग्निसुरक्षेची जानेवारी आणि जुलैतली तपासणी यांचा वाटा ९,२०,०००. एकूण १४,९१,८००.

बेरीज आणि ती काय सांगते

माणसे ३५,९४,०००, साहित्य ७,९८,५००, यंत्रे ३,१८,३००, सामायिक १४,९१,८००. वर्षाचे ६२,०२,६०० रुपये. भागिले ४,७४५, म्हणजे एका खाट-दिवसाला १,३०७ रुपये.

हा आकडा विश्वस्तांना एकटा देऊ नका. यातले साहित्य, ऑक्सिजन आणि लॉन्ड्री मिळून ९,६४,६०० रुपयेच पेशंटच्या संख्येनुसार हलतात, खाट-दिवसाला २०३. बाकीचे ५२,३८,००० वॉर्ड रिकामा असला तरी लागतातच. म्हणून वॉर्ड ५० टक्के भरला तर खाट-दिवस सुमारे १,६३८ ला पडेल, ८० टक्के भरला तर १,१०० ला. हातमोज्यांत दहा टक्के बचत करून जे साधणार नाही, ते खाटा भरल्याने साधते.

सवलतीच्या खाटांचा खर्च

महाराष्ट्रात सरकारी सवलती घेणाऱ्या, वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त खर्च असलेल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक लागू होते. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना चालते. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या. इतर सर्व पेशंटच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफमध्ये जमा करायची.

नवीन माणसाचा समज असा होतो की मोफत पेशंटचा खर्च आयपीएफमधून निघतो. पूर्ण निघत नाही. योजनेत खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, चादरी, पाणी, वीज, स्वच्छता, सर्वसाधारण उपचारांतल्या नेहमीच्या तपासण्या या सेवा बिलाबाहेरच्या धरल्या आहेत. त्या मोफत द्यायच्या असतात आणि आयपीएफला लावता येत नाहीत. आयपीएफला लागते ते बिल होणाऱ्या सेवांचे, सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने, आणि औषधे, साहित्य, इम्प्लांट खरेदी किमतीने. मघाचा २३९ आणि २६२ रुपयांचा फरक इथे महत्त्वाचा ठरतो. दुर्बल घटकातल्या पेशंटने औषधे आणि साहित्याच्या बिलाचा किमान निम्मा भाग भरायचा असतो.

समजा ४,७४५ पैकी ४८० खाट-दिवस निर्धन, ४४० दुर्बल घटक आणि ३,८२५ पूर्ण बिल भरणारे. आयपीएफचा हिशोब प्रत्यक्षात पूर्ण रुग्णालयाचा असतो, समजायला सोपे जावे म्हणून इथे फक्त हा वॉर्ड घेऊ.

आयपीएफची जमा: बिल भरणाऱ्या पेशंटचे सगळे धरून दिवसाला सरासरी ३,२०० रुपये, म्हणजे १,२२,४०,००० आणि त्याचे २ टक्के २,४४,८००. आयपीएफचा खर्च: औषधे आणि साहित्य दिवसाला ४५० रुपये धरून निर्धनांचे २,१६,०००, दुर्बल घटकांचा निम्मा भाग ९९,०००, मिळून ३,१५,०००. तूट ७०,२००.

वॉर्डाचा खर्च याहून वेगळा. ९२० सवलतीचे खाट-दिवस गुणिले १,३०७ म्हणजे १२,०२,४४० रुपये. हे आयपीएफच्या खात्यात कुठेच दिसत नाहीत. ते ३,८२५ दिवसांवर पसरतात आणि बिल भरणाऱ्या पेशंटचा एक दिवस १,३०७ ऐवजी १,६२२ ला पडतो. वॉर्डाचा दर १,४०० असेल तर कागदावर नफा वाटतो. प्रत्यक्षात ५३,५५,००० येतात आणि ८,४७,६०० कमी पडतात. आयपीएफची तूट धरून ९,१७,८००.

सवलतीची नोंद करताना तीन खाती कधी मिसळू देऊ नका. योजनेखालची सवलत एक. विश्वस्तांच्या किंवा डॉक्टरांच्या ओळखीने बिलात दिलेली सूट दुसरी, ती आयपीएफला लावता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या पॅकेजमधली येणी तिसरी. पॅकेज आपल्या खर्चापेक्षा कमी असेल, किंवा क्लेम नाकारला गेला, तर तो फरक वेगळ्या ओळीत लिहा.

निर्धन आणि दुर्बल घटकांच्या सवलतीसाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचे रेशनकार्ड लागते. पण अत्यवस्थ पेशंटकडे दाखला नाही म्हणून अनामत मागत बसायचे नाही. आधी दाखल करून त्याला स्थिर करणे योजनेनेच बंधनकारक केले आहे. अशा पेशंटचा केसपेपर वेगळ्या फाइलमध्ये लावा आणि समाजसेवा अधिकाऱ्याला दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांना भेटायला सांगा. दाखला वेळेत आला नाही, तर गरीब पेशंटचा खर्च बुडीत खात्यात जातो, आणि खरोखर दिलेली मोफत सेवा धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या अहवालात येतच नाही.

विश्वस्तांसमोर बजेट मांडताना तुटीची ही रक्कम 'तोटा' या नावाने लिहू नका. मोफत आणि सवलतीच्या ९२० खाट-दिवसांचा खर्च १२,०२,४४०, त्यातला इतर पेशंटच्या दरातून भरून निघालेला भाग ३,५४,८४०, आणि देणगी किंवा राखीव निधीतून आणायचे ८,४७,६००, अशा तीन ओळी लिहा. त्यांच्याखाली आयपीएफची ७०,२०० ची तूट वेगळी दाखवा. देणगीदाराकडे जाताना "एका गरीब पेशंटची एक खाट एक दिवस १,३०७ रुपये" हा आकडा सोबत ठेवा, आणि त्यामागची रजिस्टरेही.